‘नातेवाईकदृष्ट्या २६ टक्के’: पुनर्लेखन साधनातून दोनदा गेलेल्या एका परिच्छेदाचे प्रकरण

आढावा लेख प्रसिद्ध करणाऱ्या एका नियतकालिकासाठी मी भाषा आणि संदर्भ तपासण्याचे काम करतो. लेख तज्ज्ञ परीक्षकांकडे जाण्यापूर्वी माझ्या टेबलावरून जातो आणि सोबत त्याचा समानता अहवाल जोडलेला असतो, म्हणजे लेखातील किती मजकूर आधी प्रसिद्ध झालेल्या मजकुराशी जुळतो हे सांगणारी टक्केवारी. पुढे दिलेले प्रकरण अशाच एका लेखातील तीन वाक्यांच्या परिच्छेदाचे आहे. संबंधितांची ओळख पटू नये म्हणून उतारे मी माझ्या शब्दांत नव्याने रचले आहेत. वाक्यांचा क्रम, आकडे आणि चुकांचे स्वरूप मात्र होते तसेच ठेवले आहे.

लेख रजोनिवृत्तीनंतरच्या संप्रेरक उपचारांविषयी होता आणि तो एका तरुण संशोधिकेने पाठवला होता. समानता अहवालात ९ टक्के आकडा होता. आमच्याकडे या आकड्याला कोणीही अडवले नसते, आणि मीही तो पाहून पुढेच गेलो होतो. चौथ्या पानावर पुढील वाक्य आले आणि थांबलो.

‘इस्ट्रोजेन व प्रोजेस्टिन हे स्राव एकवटून पुरवलेल्या समूहात हल्लेखोर छातीच्या कर्करोगाचे माप दिखाऊ औषधाच्या समूहाशी ताडता नातेवाईकदृष्ट्या २६ टक्क्यांनी जास्त सापडले, खरोखर ही तफावत प्रत्येक १०,००० महिला-सालांमागे जवळपास ८ जादा आजारी एवढी होती.’

असे मराठी कोणी बोलत नाही, हा मुद्दा किरकोळ आहे. अवघड वाक्ये लिहिणारे लेखक पुष्कळ असतात. खटकला तो ‘नातेवाईकदृष्ट्या’ हा शब्द. मूळ शब्द ‘सापेक्षतः’ असणार हे वाक्याच्या अर्थावरून उघड होते, पण ‘सापेक्ष’चा समानार्थी म्हणून ‘नातेवाईक’ देणारा मराठी शब्दकोश माझ्या पाहण्यात नाही. हे दोन शब्द शेजारी येतात ते फक्त इंग्रजीत, कारण तिथे ‘रिलेटिव्ह’ या एकाच शब्दाचे हे दोन अर्थ आहेत. म्हणजे हा मजकूर मराठीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून परत मराठीत गेला होता आणि परतताना चुकीच्या दाराने आत आला होता. ‘हल्लेखोर’चेही तसेच. वैद्यकीय मराठीत ‘आक्रमक’ कर्करोग म्हणजे ज्याच्या पेशी मूळ जागेची सीमा ओलांडून आसपासच्या उतींमध्ये शिरल्या आहेत असा कर्करोग. ती एक ठरलेली संज्ञा आहे आणि तिचा समानार्थी शब्द असू शकत नाही. दिलेला मजकूर वेगळ्या शब्दांत लिहून देणाऱ्या पुनर्लेखन साधनाला संज्ञा आणि साधा शब्द यांतील फरक कळत नसल्यामुळे त्याने दोघांनाही सारखेच बदलले.

या प्रकाराला आता नावही आहे. गिओम काबानाक, सिरिल लाबे आणि अलेक्झांडर मागाझिनोव्ह या तिघांनी २०२१ साली विज्ञान नियतकालिकांतून अशा शब्दप्रयोगांचा शोध घेतला आणि त्यांना ‘छळलेले शब्दप्रयोग’ अशा अर्थाचे नाव दिले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या जागी ‘बनावट जाणीव’, सिग्नल आणि नॉइज यांच्या गुणोत्तराच्या जागी ‘झेंडा आणि गोंधळ’, स्तनकर्करोगाच्या जागी ‘वक्षःस्थळाचे संकट’ अशा अर्थाची इंग्रजी रूपे त्यांना छापील शोधनिबंधांत आढळली. आमच्या लेखातली ‘हल्लेखोर छाती’ त्याच घराण्यातली.

मूळ सापडले कसे

आढावा लेखाच्या विषयावरून शोध घेतला तेव्हा एका ज्येष्ठ लेखिकेचा मराठीतील जुना आढावा लेख हाती आला. त्यातील परिच्छेद असा होता:

‘इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन ही संप्रेरके एकत्र दिलेल्या गटात आक्रमक स्तनकर्करोगाचे प्रमाण प्लासिबो गटाच्या तुलनेत सापेक्षतः २६ टक्क्यांनी अधिक आढळले, प्रत्यक्षात हा फरक दर १०,००० स्त्री-वर्षांमागे सुमारे ८ अतिरिक्त रुग्ण इतका होता. धोका दरवर्षी सारखाच राहतो असे गृहीत धरल्यास पाच वर्षांत साधारण २५० स्त्रियांमागे एक अतिरिक्त रुग्ण, असा त्याचा ढोबळ अर्थ होतो. गर्भाशय काढलेल्या स्त्रियांना केवळ इस्ट्रोजेन देण्याची चाचणी स्वतंत्र होती आणि तिला हा निष्कर्ष लागू करता येत नाही.’

दोन्ही परिच्छेद शेजारी ठेवले की समानता अहवालात आकडा इतका कमी का आला ते समजते. अशी तपासणी मुख्यतः शब्दांच्या सलग मालिका जुळवून होते. ‘एकत्र दिलेल्या गटात आक्रमक स्तनकर्करोगाचे प्रमाण’ या सहा शब्दांपैकी ‘एकत्र’चे ‘एकवटून’, ‘दिलेल्या’चे ‘पुरवलेल्या’, ‘गटात’चे ‘समूहात’ झाले की जुळण्यासारखी मालिकाच उरत नाही. खरे तर इतके सगळे शब्द बदलण्याचीही गरज नसते. दर चार-पाच शब्दांनंतर एक बदलला तरी मालिका तुटते. मराठीत तर हे आणखी सोपे जाते, कारण विभक्ती प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यय शब्दालाच चिकटतात आणि ‘स्त्रियांमागे’च्या जागी ‘महिलांमागे’ आले की संगणकाच्या दृष्टीने तो संपूर्ण वेगळा शब्द होतो. माणसाच्या दृष्टीने मात्र काहीच हललेले नसते. तीन वाक्यांच्या जागी तीनच वाक्ये होती, पहिल्या वाक्यातला स्वल्पविरामसुद्धा त्याच जागी होता आणि आकड्यांची माळ २६, १०,०००, ८, पाच, २५० अशी त्याच क्रमाने ओवलेली होती.

तरीही आकडे आणि त्यांचा क्रम जुळला एवढ्यावरून मी वाङ्मयचौर्याचा आरोप करणार नाही. २६ टक्के आणि ८ रुग्ण हे आकडे त्या ज्येष्ठ लेखिकेचे नव्हते. ते वुमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या अमेरिकी अभ्यासाचे आहेत. त्या चाचणीत गर्भाशय असलेल्या, ५० ते ७९ वर्षे वयाच्या १६,६०८ स्त्रिया सहभागी होत्या. ती साडेआठ वर्षे चालवायची असे ठरले होते, पण फायद्यांपेक्षा धोके जास्त दिसू लागल्यामुळे सरासरी ५.२ वर्षांनंतर, २००२ साली, थांबवण्यात आली. या विषयावर लिहिणारा कोणीही हे आकडे देणारच, आणि आधी सापेक्ष वाढ व मग प्रत्यक्ष फरक हा क्रमही स्वाभाविक आहे. असे साम्य म्हणजे चोरी नव्हे.

प्रश्न होता २५०चा. दर १०,००० स्त्री-वर्षांमागे ८, म्हणून पाच वर्षांत १०,००० स्त्रियांमागे ४०, म्हणून २५० स्त्रियांमागे एक, हा हिशेब त्या लेखिकेने वाचकाला आकडा पेलता यावा म्हणून स्वतः केला होता आणि तो कोणत्या गृहीतकावर उभा आहे हेही सांगितले होते. तसेच केवळ इस्ट्रोजेनच्या चाचणीबद्दलचा इशारा नेमका त्याच ठिकाणी, तिसऱ्या वाक्यात, देणे हा लेखिकेचा निर्णय होता. गणित सोपे आहे, ते कोणालाही सुचले असते, असे म्हणता येईल. पण हेच गणित, हेच गृहीतक, तोच इशारा आणि तोच क्रम दोघांना स्वतंत्रपणे सुचला असे मानणे मला जड गेले. आमच्याकडे आलेल्या लेखात परिच्छेदाच्या शेवटी संदर्भ होता, पण तो २००२ सालच्या मूळ अहवालाचा होता. ज्येष्ठ लेखिकेचे नाव संदर्भसूचीत कुठेच नव्हते.

इथे चौर्य शब्दांचे नसून कामाचे आहे. मूळ अहवाल कोणीतरी वाचला, त्यातून काय निवडायचे ते ठरवले, हिशेब मांडला, त्याची मर्यादा सांगितली. आणि हे सगळे दुसऱ्या कोणाच्या नावावर छापले जाणार होते. साधन फक्त शब्द बदलते, म्हणून साधनाच्या दुसऱ्या टोकाने बाहेर पडते ते हेच काम, फक्त ओळखू न येणाऱ्या कपड्यांत. शिवाय मूळ अहवालाचा संदर्भ दिल्याने वाचकाला असे सांगितले जाते की संशोधिकेने तो अहवाल स्वतः पाहिला आहे. ही दुसरी चूक आहे आणि ती पहिलीपेक्षा लहान नाही.

मी संशोधिकेला पत्र लिहिले आणि एकच प्रश्न विचारला: २५० हा आकडा मूळ अहवालाच्या कोणत्या पानावर आहे? दुसऱ्याच दिवशी फोन आला. ‘सर, मी एकही वाक्य उतरवलेलं नाही, तुम्ही अहवाल पाहा ना, ९ टक्के आहे,’ असे तिचे म्हणणे होते. तिच्या बोलण्यात लपवाछपवी नव्हती, असे मला वाटले आणि अजूनही वाटते. आकडा कमी करणे हीच प्रामाणिकपणाची व्याख्या आहे असा तिचा समज होता, आणि तो समज पसरवण्यात आमच्यासारख्या कार्यालयांचा हात आहे. मूळ मजकूर शेजारी ठेवून एकेक शब्द बदलत, वाक्याचा सांगाडा तसाच ठेवत लिहिण्याच्या सवयीचा अभ्यास रिबेका मूर हॉवर्ड यांनी १९९०च्या दशकात केला आणि तिला ठिगळलेखन अशा अर्थाचे नाव दिले. विषय अजून नीट पचलेला नसताना नवखे विद्यार्थी असे लिहितात, त्यामागे दरवेळी फसवण्याचा हेतू असतोच असे नाही, हे त्यांचे म्हणणे होते. या सवयीत विद्यार्थ्याला निदान शब्द तरी स्वतः शोधावा लागत असे आणि शोधता शोधता काही कळतही असे. साधन तेवढेही करू देत नाही.

मी तिला परिच्छेद पुन्हा लिहून पाठवायला सांगितले. कसे लिहायचे हे सांगितले नाही. ती माझी चूक होती.

दुसरा मसुदा

आठवड्याने आलेल्या मसुद्यात समानता ३ टक्के होती आणि परिच्छेद असा होता:

‘संप्रेरक उपचार घेणाऱ्या स्त्रियांमध्ये स्तनकर्करोगाचा धोका २६ टक्के असल्याचे संशोधनातून सिद्ध झाले आहे. दर १०,००० स्त्रियांमागे ८ स्त्रियांना हा आजार होतो, तर पाच वर्षांत हे प्रमाण २५० स्त्रियांमागे एकीपर्यंत पोहोचते. गर्भाशय काढलेल्या स्त्रियांसाठी मात्र केवळ इस्ट्रोजेनचा उपचार सुरक्षित मानला जातो.’

भाषा स्वच्छ आहे. ‘नातेवाईक’ गेले, ‘हल्लेखोर’ गेला, वाक्ये आटोपशीर झाली. आमच्या कार्यालयातील एका सहकाऱ्याने हा मसुदा पाहून ‘आता छान झालंय’ असा शेरा लिहिला होता. पहिल्या वेळी शब्द बदलणारे साधन वापरले होते, या वेळी सबंध वाक्य नव्याने घडवणारे, भाषा-प्रारूपावर चालणारे साधन वापरले होते, असे तिने नंतर सांगितले. पहिल्या मसुद्यात भाषा वेडीवाकडी होती, पण आकडे आणि त्यांचे परस्परसंबंध जागेवर होते. वाचकाने नेट लावला तर त्यातून खरा अर्थ काढता आला असता. दुसऱ्यात भाषा सरळ झाली आणि तिन्ही वाक्ये खोटी झाली.

हे कसे घडले ते पाहण्यासाठी मी दोन्ही परिच्छेदांच्या छापील प्रती घेतल्या आणि पेन्सिलीने प्रत्येक वाक्यासमोर चार गोष्टी लिहिल्या: विधान कोणाबद्दल आहे, कोणाच्या तुलनेत आहे, किती आणि किती काळात, आणि किती खात्रीने. बाकी शब्दांकडे बघायचेच नाही असे ठरवले.

पहिल्या वाक्यात ‘२६ टक्क्यांनी अधिक’चे ‘२६ टक्के’ झाले आहे. गेला तो फक्त ‘-नी’ हा तृतीयेचा प्रत्यय आणि त्याच्यासोबतचा ‘अधिक’. मूळ चाचणीत प्लासिबो, म्हणजे औषधासारखी दिसणारी पण औषध नसलेली गोळी, दिलेल्या गटात वर्षाला दर १०,००० स्त्रियांमागे सुमारे ३० आक्रमक स्तनकर्करोग आढळले आणि उपचार गटात सुमारे ३८. तीसपेक्षा अडतीस सव्वीस-सत्तावीस टक्क्यांनी जास्त, एवढाच मूळ विधानाचा अर्थ. ‘धोका २६ टक्के’ याचा अर्थ मात्र चार स्त्रियांपैकी एकीहून अधिक, म्हणजे १०,०००पैकी २,६००. याच वाक्यात ‘आढळले’चे ‘सिद्ध झाले’ हेही झाले. मूळ अहवालात दोन गटांतील धोक्याच्या गुणोत्तराच्या अंदाजाची खालची मर्यादा १.०० होती, म्हणजे मुळीच वाढ नाही ही शक्यता अंदाजाच्या अगदी काठावर उभी होती. अशा निष्कर्षासाठी ‘आढळले’ हा शब्द जपून निवडलेला असतो. साधनाला तो फिकट वाटला असावा.

दुसरे वाक्य अधिक शिकवणारे आहे. ‘स्त्री-वर्ष’ हे एकक म्हणजे किती स्त्रियांचे किती वर्षे निरीक्षण केले त्यांचा गुणाकार. १०,००० स्त्रियांचे एक वर्ष किंवा २,००० स्त्रियांची पाच वर्षे, दोन्हींचा गुणाकार तोच. ‘१०,००० स्त्री-वर्षांमागे’चे ‘१०,००० स्त्रियांमागे’ केले की काळ नाहीसा होतो आणि ८ हा आकडा वर्षाचा की जन्माचा हे कळेनासे होते. त्यातच ‘अतिरिक्त’ हा शब्द गळल्यामुळे ८ ही वाढ न राहता एकूण रुग्णसंख्या झाली. प्रत्यक्षात उपचार गटात एकूण संख्या वर्षाला ३८च्या आसपास होती. २५०च्या आकड्याचेही तेच. अतिरिक्त रुग्ण २५० स्त्रियांमागे एक होता. एकूण रुग्ण, त्याच ढोबळ हिशेबाने, पाच वर्षांत ५०-५५ स्त्रियांमागे एक इतके भरतात. गंमत अशी की पहिले वाक्य धोका अवाच्या सवा फुगवते आणि दुसरे तो खऱ्या प्रमाणाच्या सुमारे एक पंचमांशावर आणते, आणि ही दोन वाक्ये एकमेकांना लागून उभी आहेत. २६ टक्के आणि १०,०००मागे ८ हे एकाच आजाराचे प्रमाण असू शकत नाही, हे विषय न जाणणाऱ्या वाचकालाही दिसायला हवे होते. सहकाऱ्याला दिसले नाही, आणि खरे सांगायचे तर पहिल्या वाचनात मलाही दिसले नाही. वाक्ये इतकी गुळगुळीत होती की नजर त्यांवरून घसरून गेली.

‘धोका दरवर्षी सारखाच राहतो असे गृहीत धरल्यास’ हा तुकडा तर पूर्णच गेला. अशी साधने वाक्य आटोपशीर करतात तेव्हा सर्वात आधी जातात ते असे अट सांगणारे, मर्यादा घालणारे, ‘ढोबळ’, ‘साधारण’, ‘या गटापुरते’ असे म्हणणारे भाग, कारण वाक्याचा प्रवाह त्यांच्यावाचून अडत नाही. वाक्याचा खरेपणा मात्र त्यांच्यावरच टेकलेला असतो.

तिसऱ्या वाक्यातील बदल मला सर्वात गंभीर वाटतो. मूळ लेखिकेने म्हटले होते की हा निष्कर्ष त्या दुसऱ्या चाचणीला लागू करता येत नाही. ही केवळ कक्षा आखण्याची गोष्ट होती. त्या चाचणीत काय घडले याबद्दल ते वाक्य काहीच बोलत नव्हते. साधनाने ती रिकामी जागा भरून काढली: इथे धोका लागू नाही, म्हणजे तिथे सुरक्षित. ‘मात्र’ हा शब्द आला आणि विरोध पूर्ण झाला. प्रत्यक्षात केवळ इस्ट्रोजेन देण्याची ती चाचणीही २००४ साली मुदतीआधी थांबवली गेली, आणि त्याचे मुख्य कारण त्या गटात पक्षाघाताचे प्रमाण वाढलेले दिसले हे होते. स्तनकर्करोगाचे प्रमाण त्या गटात वाढले नव्हते, उलट थोडे कमीच दिसले होते. पण ‘स्तनकर्करोग वाढला नाही’ आणि ‘उपचार सुरक्षित आहे’ यांच्यामध्ये एक सबंध आजार उभा आहे. पहिल्या वाक्यातही हाच सैलपणा आहे. ‘इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन एकत्र’ याचे ‘संप्रेरक उपचार’ झाले, म्हणजे एका विशिष्ट संयोगाबद्दलचे विधान सगळ्या संप्रेरकांना जाऊन चिकटले.

या तिन्ही वाक्यांखाली संदर्भ २००२च्या अहवालाचाच होता. म्हणजे ज्या संशोधकांनी यातले काहीही म्हटले नव्हते त्यांच्या तोंडी ही विधाने घातली गेली होती. पहिल्या मसुद्यात ज्येष्ठ लेखिकेचे श्रेय हिरावले गेले होते. दुसऱ्यात ते तर परत मिळालेच नाही, वर मूळ संशोधकांच्या नावावर खोटे विधानही चढले. मूळ मजकुरापासून जितके दूर जावे तितके चौर्य कमी होते, अशी समजूत अशा साधनांच्या वापरामागे असते. या प्रकरणात शब्द दूर गेले, हिशेब आणि रचना उसनीच राहिली, आणि दुरावा आला तो अर्थात.

माझ्या निदानाला मर्यादा आहेत. तिने २५०चा हिशेब गाळला असता तर उसनवारी दाखवून देणे मला जमले नसते. तेवढ्या तीन-चार आकड्यांवरून काहीच ठरत नाही. आणि दुसरा मसुदा आधी आला असता, तर मी मूळ शोधायला गेलोच नसतो, कारण शोधायला लावणारे ‘नातेवाईक’ त्यात नव्हते. विचित्र शब्द हा पुरावा म्हणून उपयोगी पडतो, पण तो जुन्या साधनांचा पुरावा आहे. नव्या साधनांनी तो खोडून टाकला आहे.

तिसरा मसुदा

या वेळी मी तिला कार्यालयात बोलावले. मूळ अहवाल छापून ठेवला होता. पेन्सिलीच्या खुणा केलेले दोन्ही मसुदे दाखवले, तेव्हा ती पहिल्या वाक्याशीच थांबली आणि म्हणाली, ‘सर, हे २६ टक्के मी वाचले होते, पण बरोबरच आहे असे वाटले.’ साधनाने लिहिलेले तपासायचे तर मूळ काय आहे हे आधी ठाऊक असावे लागते, आणि मूळ वाचायचा वेळ वाचवण्यासाठीच तर साधन घेतलेले असते. त्यामुळे ‘वापरा, पण तपासून घ्या’ हा सल्ला ऐकायला शहाणपणाचा असला तरी तिच्या परिस्थितीत तो पाळता येण्यासारखा नव्हता.

दुपारभर बसून तिने अहवालातील स्तनकर्करोगाचा भाग वाचला. मग अहवाल आणि जुना आढावा लेख दोन्ही उलटे ठेवायला सांगितले आणि आठवते ते कोऱ्या कागदावर लिहायला सांगितले. ही जुनी पद्धत आहे. समोर वाक्य नसले की त्याचा सांगाडा उचलता येत नाही आणि जे समजलेले नाही ते लिहिताच येत नाही. लिहून झाल्यावर तिने आकडे आणि अटी मूळ अहवालाशी ताडून पाहिल्या. परिच्छेद असा झाला:

‘२००२ सालच्या निष्कर्षांवरून या आढावा लेखिकेने असा हिशेब मांडला आहे की धोका दरवर्षी सारखाच राहिला असे धरले, तर इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन एकत्र घेणाऱ्या गटात पाच वर्षांत “साधारण २५० स्त्रियांमागे एक अतिरिक्त रुग्ण” दिसेल. मूळ अहवालात मात्र धोका दरवर्षी सारखा नव्हता. पहिली दोन वर्षे वाढ दिसत नाही आणि ती त्यानंतरच्या वर्षांत दिसू लागते. त्यामुळे हा हिशेब थोड्या काळासाठी उपचार घेणाऱ्या स्त्रियांना जसाच्या तसा लावता येणार नाही.’

छापील मसुद्यात ‘या आढावा लेखिकेने’च्या जागी अर्थातच नाव आणि वर्ष होते. दोन्ही स्रोत सूचीत आले: हिशेबासाठी आढावा लेख, वर्षवार धोक्यासाठी मूळ अहवाल. उसने काय आणि स्वतःचे काय हे परिच्छेद वाचतानाच कळते. शिवाय त्यात असे एक निरीक्षण आले जे ज्येष्ठ लेखिकेच्या परिच्छेदातही नव्हते. ज्येष्ठ लेखिकेने गृहीतक म्हणून जे सांगून ठेवले होते ते मूळ अहवालाशी लावून पाहता टिकत नाही, हे. पहिल्या मसुद्यात या गृहीतकाचे शब्द बदलले होते, दुसऱ्यात ते गळून पडले होते.

अखेरच्या समानता अहवालात ११ टक्के आकडा आला. अवतरण चिन्हांतील शब्द, मूळ चाचणीचे पूर्ण नाव आणि संदर्भसूचीतील नव्या नोंदी जुळल्या होत्या. लेख छपाईला देण्याआधी कार्यालयाकडून मला ईमेल आला की आधीचा मसुदा ३ टक्क्यांवर होता, तेव्हा लेखिकेकडून हा आकडा थोडा कमी करून घ्यावा. मी उत्तरादाखल समानता अहवालाची दोन पाने जोडली, जुळलेल्या प्रत्येक ओळीसमोर ती का जुळली हे लिहिले आणि आकडा आहे तसाच ठेवायला कळवले. लेख ११ टक्क्यांनिशीच छापला गेला.